एका टिकलेल्या नोकरीमागे किती रुपये? गोकुळ शिरगावजवळच्या प्रशिक्षण केंद्राचा सीएसआर प्रस्ताव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात एक सार्वजनिक न्यास अकरा वर्षं शिवणकाम आणि संगणकाचे वर्ग चालवतो. गावातल्या पोरांना कारखान्यात चालेल असं काहीतरी शिकवायचं, असं विश्वस्तांनी ठरवलं आणि सीएनसी टर्निंग, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवरचं काम, त्याच्या ऑपरेटरचा कोर्स काढायचं नक्की झालं. पैशांसाठी कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत कारखाना असलेल्या एका कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायच्या निधीचा, प्रस्ताव गेला. तो परत आला. पाच महिन्यांनी दुसरा गेला आणि मंजूर झाला. पहिला प्रस्ताव मी वाचला होता आणि दुसरा लिहायला मी विश्वस्त ताईंच्या बरोबर बसलो होतो. या दोन कागदांमध्ये काय बदललं, तेच इथे सविस्तर मांडतो. न्यासाचं आणि कंपनीचं नाव देत नाही. आकडे त्या प्रस्तावातले आहेत.

पहिला प्रस्ताव अठ्ठेचाळीस लाखांचा होता. त्यातले छत्तीस लाख दोन नव्या सीएनसी मशीनचे. उरलेल्या बारा लाखांत प्रशिक्षक, वीज, उद्घाटन आणि फर्निचर. फलनिष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं होतं: "वर्षभरात १८० युवक-युवतींना प्रशिक्षण देऊन त्यांचे सक्षमीकरण करण्यात येईल." मागे वीस पानांची संस्थेची ओळख, सत्काराचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं.

कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांनी नकार कळवताना तीन प्रश्न लिहून पाठवले, हे मी त्यांचे उपकार मानतो, कारण बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही. पहिला प्रश्न: सहा महिन्यांनी यातले किती जण नोकरीत असतील? दुसरा: एका टिकलेल्या नोकरीमागे आमचे किती रुपये जातील? तिसरा: आमचा निधी थांबला की मशीन कोण चालवणार?

ताई पहिल्यांदा नाराज झाल्या. "आम्ही शिकवतो ते काम नाही का, दादा? नोकरी देणं आमच्या हातात कुठं आहे?" प्रश्न रास्त होता. नोकरी देणं संस्थेच्या हातात नसतं. पण किती जणांना नोकरी लागेल याचा अंदाज बांधणं, तो कशावरून बांधला ते सांगणं आणि नंतर मोजणं हे तिच्याच हातात असतं. १८० प्रशिक्षित हा संस्थेच्या कामाचा आकडा झाला. पोराच्या आयुष्यात काय बदललं, ते तो सांगत नाही. कंपनीचे पैसे कामासाठी जातात, पण कंपनीच्या संचालक मंडळाला उत्तर द्यायचं असतं ते बदलाचं.

मी त्या १८० चा साधा हिशेब करून दाखवला. दोन मशीन, रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ३,६०० तास होतात. ते १८० जणांत वाटले की माणशी वीस तास. वीस तास मशीनला हात लागलेल्या पोराला कुठला वर्कशॉपवाला एकट्याला मशीनवर उभा करेल? हा आकडा मुळातच उभा राहत नव्हता, आणि प्रस्ताव वाचणाऱ्या माणसाने कधी कारखाना बघितला असेल तर त्याला ते दोन मिनिटांत कळतं.

मग लिहिणं थांबवलं आणि तीन आठवडे फिरलो. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि शिवाजी उद्यमनगर मिळून तेवीस वर्कशॉप. बहुतेक फाउंड्रीच्या कास्टिंगचं मशिनिंग करणारे, आठ-दहा मशीनवाले. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे: नवीन ऑपरेटर आला की तो कशात कमी पडतो आणि सोडून गेला तर का जातो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला उद्यमनगरातल्या एका मालकांनी शब्दांत दिलंच नाही. त्यांनी टर्निंग झालेला एक शाफ्ट हातात घेतला, नुकत्याच लागलेल्या एका मुलाला बोलावलं आणि मायक्रोमीटर पुढे केला. "माप बघ रं." मुलाने थिंबल फिरवलं, रॅचेट टिकटिक वाजवलं, सगळं रीतसर केलं आणि म्हणाला, "चोवीस पॉइंट अठ्ठेचाळीस." खरं माप होतं २४.९८. स्लीव्हवर, म्हणजे थिंबलच्या आतल्या न फिरणाऱ्या नळीवर, चोवीसच्या पुढे अर्ध्या मिलिमीटरची रेष उघडी पडली होती, ती त्याने धरलीच नव्हती. थिंबलवरचे अठ्ठेचाळीस मात्र बरोबर वाचले होते. मालक म्हणाले, "प्रोग्रॅम काय, आमचा सेटर करतोय. ऑपरेटरनं माप बरोबर घ्यावं आणि ऑफसेट नीट टाकावा, एवढंच पायजे बघा. एवढंच कुणाला येत नाही."

ऑफसेटचंही, म्हणजे माप चुकलं की मशीनला सांगायच्या दुरुस्तीचंही, असंच आहे. २५.०० चा व्यास यायला हवा आणि जॉब आला २५.०४, तर वेअर ऑफसेटमध्ये एक्सला वजा ०.०४ टाकायचं. घाईत चिन्ह चुकलं तर पुढचा जॉब २५.०८ येतो आणि पोरगा घाबरून आणखी काहीतरी टाकतो. तेवीसपैकी सतरा जणांच्या तक्रारीचं मूळ या दोन गोष्टींत होतं: मोजणं आणि मोजलेलं मशीनला सांगणं. पहिल्या प्रस्तावात मशीनला छत्तीस लाख होते आणि मोजमापाच्या साधनांना वीस हजार.

सोडून का जातात, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून महत्त्वाचं निघालं. सोडून जाणारे बहुतेक पहिल्या दीड महिन्यातच जातात. आम्हाला वाटत होतं काम जड जातं, घाण-तेलाचा कंटाळा येतो. तेही असतं. पण गोकुळ शिरगावच्या एका सुपरवायझरनी नेमकं सांगितलं: "एक तारखेला जॉइन झाला तर पगार फुडल्या म्हैन्याच्या धा तारखेला. चाळीस दिवस पोरानं पेट्रोल आणि डबा कुठनं आणायचा? घरातनं पैसं संपलं की पोरगं यायचं बंद." चाळीस दिवसांचा हा खड्डा कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. पण तीन महिने शिकवलेला मुलगा नेमका तिथेच गळतो. शिकवण्यावर केलेला सगळा खर्च तिथे वाया जातो.

मुलींच्या बाबतीत वेगळं ऐकलं. क्वालिटी इन्स्पेक्शनला मुली हव्यात, हात स्थिर असतो, नोंद नीट ठेवतात, असं सात-आठ ठिकाणी सांगितलं. पण गावात घरी गेल्यावर आईवडील दुसऱ्या पाळीला तयार नाहीत. म्हणून मुलींच्या जागा इन्स्पेक्शनकडे आणि फक्त पहिली किंवा जनरल पाळी देणाऱ्या वर्कशॉपशी जोडायच्या ठरल्या. चोवीसच्या बॅचमध्ये आठ.

आता प्रस्ताव उलट्या टोकाने लिहायला घेतला. किती जणांना शिकवायचं, यापासून सुरुवात केली नाही. सहा महिन्यांनी किती जण नोकरीत दिसायला हवेत, तिथून मागे येत गेलो. वर्षाला चोवीसच्या तीन बॅच, म्हणजे ७२ प्रवेश. शिवणकाम-संगणक वर्गांच्या हजेरीपटावरून संस्थेची गळती सहातला एक अशी दिसत होती, म्हणून पूर्ण करणारे ६०. परीक्षा पास होणारे ५४. त्यातले प्रत्यक्ष रुजू होणारे ४६, कारण काहींना घरचं सोडता येत नाही आणि काहीजण पुढे शिकायला जातात. आणि रुजू झाल्यापासून सहा महिन्यांनी कामावर असणारे ३६. प्रवेशाच्या बरोबर निम्मे.

ताईंना हा आकडा लिहायची भीती वाटत होती. "निम्मेच टिकणार असं आपणच लिहायचं? दुसऱ्या संस्था नव्वद टक्के लिहितात." मी एवढंच म्हटलं की नव्वद टक्के लिहिलेल्या प्रस्तावात ते नव्वद कशाचे टक्के, हे विचारलं की बहुतेकदा उत्तर मिळतं, "पास झालेल्यांपैकी ऑफर लेटर मिळालेले." ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, आणि पास झालेले म्हणजे प्रवेश घेतलेले नव्हेत. छेद बदलला की टक्केवारी हवी तशी फुगते. आमच्या प्रस्तावात पाचही पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर किती गळतील व का, हे एका पानावर मांडलं. पुढे कंपनीच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच पानावर चर्चा झाली.

आणि मग फलनिष्पत्तीचं वाक्य. ते असं झालं: "पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या ७२ पैकी किमान ३६ जण रुजू झाल्यापासून १८० दिवसांनी मशिनिंग किंवा तपासणीच्या पगारी कामावर असतील, मग मालक तोच असो वा दुसरा, आणि त्यांचा सरासरी मासिक पगार १३,५०० रुपयांपेक्षा कमी नसेल." यातला प्रत्येक तुकडा भांडून ठरवला. "मालक तोच असो वा दुसरा" हे मुद्दाम घातलं, कारण चांगला ऑपरेटर सहा महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे जातोच आणि ते अपयश मानायचं कारण नाही. "मशिनिंग किंवा तपासणीच्या" हेही मुद्दाम. मुलगा शेवटी गोदामात हमालीला लागला असेल तर तो कामावर आहे, पण आपल्या शिकवण्यामुळे नाही.

पुरावा कसा दाखवायचा हेही तिथेच लिहिलं. इथे पुष्कळ प्रस्ताव ठेचकाळतात. "पीएफ नोंदीवरून खात्री करू" असं लिहितात, पण पीएफचा कायदा साधारण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि आपली पोरं लागतात ती आठ-दहा मशीनच्या वर्कशॉपात. दहा माणसांपासून ईएसआय येतं, म्हणून काहींचा ईएसआय नंबर मिळतो, सगळ्यांचा नाही. म्हणून लिहिलं: खात्यात जमा झालेल्या पगाराची नोंद, नाहीतर ईएसआय किंवा पीएफचा क्रमांक, आणि यातलं काहीच नसेल तर मालकाच्या सहीचं पगारपत्रक आणि समन्वयकाने प्रत्यक्ष वर्कशॉपात जाऊन केलेली नोंद. यासाठी प्रवेशाच्या वेळीच मुलांची लेखी संमती घ्यायची. नंतर कोणी पासबुक दाखवत नाही.

कौशल्याचं मोजमापही शब्दांत अडकवून ठेवलं नाही. शेवटच्या परीक्षेत बाहेरचा परीक्षक दहा मापं घ्यायला लावेल आणि त्यातली नऊ ०.०२ मिलिमीटरच्या आत बरोबर आली तरच पास. एक ऑफसेट दुरुस्तीही स्वतः करून दाखवायची. उद्यमनगरातल्या त्या मालकांनाच पहिल्या परीक्षेला बोलवायचं ठरलं.

अंदाजपत्रक यातूनच निघालं. प्रत्येक ओळीला मागच्या साखळीतला एखादा आकडा जोडलेला होता.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| रिकंडिशन केलेलं सीएनसी टर्निंग मशीन | १ | ८,५०,००० |
| थ्री-फेज जोडणी, पाया, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर | | १,९०,००० |
| मोजमापाची साधनं | | १,६०,००० |
| संगणक आणि सिम्युलेटर | १२ | ६,००,००० |
| एकदाच होणारा खर्च | | १८,००,००० |
| दोन प्रशिक्षक | (३२,००० + २४,०००) × १२ | ६,७२,००० |
| प्लेसमेंट समन्वयक | २२,००० × १२ | २,६४,००० |
| लोखंडी बार, इन्सर्ट, कूलंट | ७२ × ४,५०० | ३,२४,००० |
| वीज, देखभाल, विमा | | २,४०,००० |
| परीक्षा आणि बाहेरचे परीक्षक | ६० × १,५०० | ९०,००० |
| गणवेश, सेफ्टी शूज, गॉगल | ७२ × २,५०० | १,८०,००० |
| पहिल्या पगारापर्यंतचा भत्ता | ४६ × ३,००० | १,३८,००० |
| घरभेटी आणि सहा महिन्यांचा पाठपुरावा | | १,३२,००० |
| संस्थेचं व्यवस्थापन आणि लेखापरीक्षण | | १,६०,००० |
| वर्षाचा चालू खर्च | | २२,००,००० |

एकूण चाळीस लाख, पहिल्यापेक्षा आठ लाख कमी.

दोन नव्यांऐवजी एकच रिकंडिशन केलेलं मशीन घेतलं, म्हणून सराव कमी होणार का, हे विश्वस्तांनीच विचारलं. उलट वाढला. चोवीस जणांचे दोन गट केले, सकाळचा आणि दुपारचा, आणि मशीन सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालू ठेवलं. बारा आठवड्यांचे बहात्तर दिवस, रोज दहा तास, म्हणजे ७२० तास. माणशी तीस तास स्वतःच्या हाताने, आणि जोडीने उभं राहायचं असल्याने तितकेच तास शेजारी उभं राहून. ज्याची पाळी नसेल तो सिम्युलेटरवर किंवा सरफेस प्लेटजवळ मापं घेत बसलेला. प्रोग्रॅमच्या चुका सिम्युलेटरवर करायच्या. तिथे टूल चकवर आपटलं तर कुणाचं नुकसान होत नाही.

पहिल्या अंदाजपत्रकात थ्री-फेज जोडणी नव्हतीच. मशीनची किंमत कोटेशनवरून उतरवलेली होती आणि ते दारात आल्यावर बसणार कशावर, चालणार कशावर, हे कुणी धरलं नव्हतं. मी अशी केंद्रं बघितली आहेत जिथे मशीन सहा-सहा महिने ताडपत्रीखाली उभं राहिलं. इन्सर्ट आणि बारचंही तसंच. शिकाऊ हातात इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टोकं, भराभर फुटतात. तो खर्च माणशी धरला नाही तर तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षक मशीन बंद ठेवून फळ्यावर शिकवायला लागतो.

पहिल्या पगारापर्यंतचा तीन हजारांचा भत्ता ही ओळ कंपनीला नवीन होती. त्यांना वाटलं, ही खिरापत आहे. आम्ही हिशेब पुढे ठेवला. एका मुलाच्या प्रवेशामागे चालू खर्च साधारण तीस हजार पाचशे. रुजू झालेला मुलगा चाळिसाव्या दिवशी गळाला की ते सगळे जातात. ते वाचवायला तीन हजार. आणि भत्ता एकरकमी नाही, पंधरवड्याच्या दोन हप्त्यांत, हजेरी बघून. ती ओळ तशीच राहिली.

आता कंपनीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत होतं. चालू खर्च २२ लाख, टिकलेल्या नोकऱ्या ३६, म्हणजे एका नोकरीमागे ६१ हजारांच्या थोडं वर. मशीन-संगणक पाच वर्षं चालतील असं धरून त्यांचा वर्षाचा वाटा ३,६०,००० मिळवला की ७१ हजारांच्या आसपास. ही रक्कम प्रस्तावात ठळक लिहिली. आणि त्याच्या शेजारी मुलांच्या हाती काय येतं तेही. इथे एक मोह आवरावा लागतो. ३६ जण गुणिले १३,५०० गुणिले सहा असं करून एकोणतीस लाख लिहिणं सोपं होतं. पण ही पोरं आधी रिकामी बसलेली नव्हती. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी हॉटेलात, कुणी रंगकामाला जात होतं. प्रवेशाच्या वेळच्या अर्जात मागच्या तीन महिन्यांची कमाई विचारायची ठरवली आणि गावातल्या चाचपणीवरून ती महिना साडेपाच हजार धरली. म्हणजे वाढ आठ हजारांची. सहा महिन्यांत १७,२८,०००, वर्षभरात ३४,५६,०००. आकडा लहान झाला, पण कंपनीच्या वित्त विभागाने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रत्येक मुलाकडून दोन हजार फी घ्यायची आणि ती चालू खर्चात न टाकता वेगळ्या खात्यात मशीनच्या दुरुस्तीसाठी ठेवायची ठरलं. वर्षाला १,४४,०००. शिवाय दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळी सहानंतर मशीन जवळच्या वर्कशॉपना तासावर द्यायचं. यातून केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहील असा दावा आम्ही केला नाही. चालू खर्चाचा मोठा भाग पुढेही कुणीतरी द्यावाच लागेल, असं स्पष्ट लिहिलं आणि तीन वर्षांचा टप्पा मागितला.

कायद्याच्या बाजूने चार ठिकाणी काळजी घ्यावी लागली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्यांची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका पायरीला पोचतो, त्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं लागतं. प्रस्ताव परिशिष्ट सातमधल्या कुठल्या बाबीत बसतो ते पहिल्याच पानावर लिहिलं: बाब दोन, रोजगार वाढवणारी व्यावसायिक कौशल्यं. संस्थेची आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या सीएसआर-१ अर्जाचा नोंदणी क्रमांक त्याच पानावर. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक नसेल तर कंपनी त्या संस्थेमार्फत सीएसआरचं काम करून घेऊ शकत नाही. तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो वर्गांच्या लेखापरीक्षित हिशेबांनी दाखवला. मशीन कुणाच्या नावावर राहणार हेही लिहिलं, कारण सीएसआरच्या पैशांतून घेतलेली मालमत्ता कंपनीची राहू शकत नाही. सीएसआर क्रमांक असलेल्या न्यासाच्या नावावर ती चालते.

खरी अडचण आली कंपनीच्या एचआर प्रमुखांकडून. त्यांना केंद्र आवडलं आणि म्हणाले, "सगळी पोरं आमच्याच प्लँटला द्या, आम्ही दुप्पट निधी देतो." ताईंना क्षणभर मोह झाला. पण नियमांत सीएसआरमधून दोन गोष्टी स्पष्ट वगळल्या आहेत: कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम. स्वतःसाठीच मजूर तयार करून घेतले तर लेखापरीक्षक तो खर्च बाहेर काढू शकतो, आणि मग अडचणीत कंपनीच येते. आम्ही लिहिलं की इतर मालकांसारखीच ही कंपनीही मुलाखतीला येऊ शकते, पण पाचातल्या एकापेक्षा जास्त मुलं एका बॅचमधून तिथे जाणार नाहीत. सीएसआर अधिकाऱ्यांना ते फार पटलं.

दुसरी गोष्ट पाच टक्क्यांची. कंपनीने आधी कळवलं होतं की संस्थेचा व्यवस्थापन खर्च पाच टक्क्यांवर चालणार नाही, कायदा आहे. तो पाच टक्क्यांचा कप्पा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाचा आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात मोजला जात नाही. आम्ही नम्रपणे नियमाची व्याख्या जोडून दिली आणि तरीही आमचा आकडा चार टक्केच आहे हे दाखवलं. समन्वयकाचा पगार मात्र व्यवस्थापनात टाकला नाही. तो अंमलबजावणीचा खर्च आहे आणि टिकून राहण्याचा सगळा भार त्याच माणसावर आहे.

हप्त्यांचा प्रश्न शेवटी आला. कंपनीची पद्धत चार समान हप्त्यांची होती. तसं केलं असतं तर पहिल्या दहा लाखांत मशीनच उभं राहिलं नसतं आणि पहिली बॅच दिवाळीपर्यंत लांबली असती. म्हणून पहिला हप्ता भांडवली अठरा लाख आणि तिमाहीचे साडेपाच, मिळून साडेतेवीस लाख मागितला, त्यातली मशीनची रक्कम बिल आणि जोडणीच्या फोटोनंतर उचलायची अशा अटीवर. पुढचे हप्ते प्रवेश, परीक्षा आणि रुजू होण्याच्या आकड्यांना बांधले. काम तीन वर्षांचं असल्याने ते सुरुवातीपासून चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घेतलं. तसं झालं की वर्षअखेर न खर्चलेली रक्कम कंपनी तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवू शकते आणि "३१ मार्चच्या आत सगळं संपवा" ही घाई होत नाही. नुसतं संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं होत नाही. ते ठरल्या कामाला लागले याचा दाखला त्यांच्या वित्त प्रमुखाला द्यावा लागतो, म्हणून तिमाही विनियोग प्रमाणपत्राचा नमुनाही आम्हीच जोडला.

बॅचचं वेळापत्रक कोल्हापूरचं हवं होतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत नवी बॅच ठेवली नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच दिवसांत पंचगंगेचं पाणी रस्त्यांवर होतं. त्या महिन्यात घरभेटी आणि मशीनची देखभाल.

मंजुरीनंतर पहिल्या बॅचचं असं झालं: चोवीस आले, एकोणीस पूर्ण झाले, सतरा पास, पंधरा रुजू. सहा महिन्यांनी अकरा कामावर. अंदाज बाराचा होता. अकरांतले दोघे चाकणला जास्त पगारावर गेलेले, ते वाक्यातल्या त्या "वा दुसरा" मुळे निर्विवाद मोजले गेले. गळालेल्या चौघांत एका मुलीचं लग्न होऊन ती सांगलीला गेली, एक मुलगा गळीत हंगाम सुरू होताच ट्रॅक्टरवर परतला आणि दोघांनी रात्रपाळी लागल्यावर सोडलं, कारण दुचाकी घरातल्या दुसऱ्याला लागायची आणि पाळी सुटते त्या वेळी एसटी नसते. चाळीस दिवसांत मात्र एकही गळाला नव्हता.

अहवालात हे सगळं तसंच लिहिलं, आणि सोबत अंदाजपत्रकात एक बदल मागितला: घरभेटींच्या ओळीतले छत्तीस हजार काढून दोन वर्कशॉपच्या रात्रपाळीसाठी एका वडाप जीपचं वर्षाचं भाडं. कंपनीने आठवड्यात होकार दिला. दुसऱ्या बॅचच्या प्रवेश अर्जात आता एक नवीन रकाना आहे: घरात दुचाकी किती, आणि रात्री ती कुणाकडे असते.